तुटलेल्या ताऱ्याचा उजेड

(भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये झालेल्या स्मृती-व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज मी एकाच ताऱ्याबद्दल बोलणार आहे. या ताऱ्याला नाव नव्हतं आणि तो जिवंत असताना कुणीही पाहिलेला नाही. आपल्यापासून सुमारे साडेएकवीस कोटी प्रकाशवर्षांवर, यमुना तारकासमूहाच्या दिशेला, एक सर्पिल दीर्घिका आहे. तिच्या मध्यभागी हा तारा होता. वजनाला साधारण आपल्या सूर्याएवढा. तो तिथल्या महाकाय कृष्णविवराच्या फार जवळून गेला आणि फाटला. १९ सप्टेंबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या पालोमारच्या दुर्बिणीला त्या दीर्घिकेच्या केंद्रात एक नवा प्रकाशबिंदू दिसला. त्याची नोंद एटी-२०१९-क्यूआयझेड अशी झाली. आपण त्याला नुसतं ‘क्यूआयझेड’ म्हणू.

ज्या सर्वेक्षणात तो सापडला, त्याचं नाव झ्विकी ट्रान्झिएंट फॅसिलिटी. ते उभं करण्यात पुढाकार होता कॅलटेकच्या श्रीनिवास कुलकर्णी यांचा. त्यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा. ४८ इंची जुन्या दुर्बिणीवर त्यांनी असा कॅमेरा बसवला, की एका छायाचित्रात सुमारे ४७ चौरस अंश आकाश येतं. म्हणजे पौर्णिमेचे दोनशेहून अधिक चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढं. उत्तरेचं आकाश काही रात्रींच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपायचं, नव्या चित्रातून जुनं वजा करायचं आणि उरेल त्याकडे बघायचं, असं हे काम आहे. तारा फाटण्याच्या घटना पूर्वी योगायोगाने सापडत. आता त्या शोधून काढता येतात, त्या अशा कामामुळे.

पण तारा फाटतो म्हणजे नेमकं काय होतं? कृष्णविवर ओढतं म्हणून तो फाटतो, हे उत्तर अपुरं आहे. नुसत्या ओढीने काही फाटत नाही. संपूर्ण ताऱ्यावर सारखीच ओढ असती तर तो अख्खाच्या अख्खा वळसा घालून निघून गेला असता. फाडतो तो ओढीतला फरक. ताऱ्याची कृष्णविवराकडची बाजू जवळ असते, पलीकडची बाजू लांब असते. जवळच्या बाजूला जास्त ओढ बसते, लांबच्या बाजूला कमी. समुद्राला भरती याच फरकामुळे येते. चंद्राकडचं पाणी, पृथ्वीचा मध्य आणि पलीकडचं पाणी, तिघांना चंद्र वेगवेगळ्या जोराने ओढतो. आपण इथे समुद्रापासून दूर राहतो, त्यामुळे भरती रोज डोळ्यांसमोर नसते, पण नियम तोच आहे.

या फरकाची एक खोड फार महत्त्वाची आहे. अंतर निम्मं केलं तर ओढ चौपट होते, पण ओढीतला फरक मात्र आठपट होतो. म्हणून तारा जवळ येत असताना बराच काळ काहीच घडत नाही आणि मग थोडक्या अंतरात सगळं घडून जातं. ताऱ्याला एकत्र धरून ठेवणारं त्याचं स्वतःचं गुरुत्व असतं. ओढीतला फरक त्या पकडीच्या वर गेला की तारा सुटतो. ही सीमा किती अंतरावर आहे, हे काढायला मोठं गणित लागत नाही. कृष्णविवर ताऱ्याच्या जितके पट जड, त्या आकड्याचं घनमूळ घ्यायचं आणि ताऱ्याच्या त्रिज्येने गुणायचं. क्यूआयझेडचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे दहा लाख पट जड आहे. दहा लाखाचं घनमूळ शंभर. सूर्याची त्रिज्या सात लाख किलोमीटर. म्हणजे सीमा सात कोटी किलोमीटरवर आली. आपल्या सूर्यमालेत ती बुध आणि शुक्र यांच्या कक्षांच्या मध्ये पडली असती.

आता त्याच कृष्णविवराचं क्षितिज पाहा. क्षितिज म्हणजे जिथून आत गेलेला प्रकाशही परत येत नाही ती हद्द. ती फक्त तीस लाख किलोमीटरवर आहे. तारा फाटतो तो क्षितिजाच्या वीसपटीहून जास्त लांब, मोकळ्या मैदानात. म्हणूनच आपल्याला काहीतरी दिसतं.

इथे एक विलक्षण गोष्ट निघते. कृष्णविवर जड होत गेलं, तर क्षितिज वजनाच्या प्रमाणात वाढतं, फाटण्याची सीमा मात्र घनमुळाच्या प्रमाणात, म्हणजे फार सावकाश वाढते. दहा कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर घेतलं तर सीमा साडेबत्तीस कोटी किलोमीटरवर आणि क्षितिज साडेएकोणतीस कोटींवर येतं. दोन्ही जवळजवळ एकमेकांना टेकली. त्याहून जड कृष्णविवर सूर्यासारखा तारा सबंध गिळतं. बाहेर उजेड नाही, अवशेष नाहीत, काहीच नाही. १९७५ साली जॅक हिल्स यांनी ही मर्यादा दाखवली आणि आजही आम्ही तिला त्यांच्याच नावाने ओळखतो. कृष्णविवर जितकं मोठं तितका तमाशा मोठा, ही समजूत इथे साफ उलटी पडते.

ही मर्यादा कामाला कशी येते, त्याचं एक उदाहरण सांगतो. २०१५ मध्ये अॅसॅसन-१५-एलएच नावाचा एक स्फोट सापडला. आजवरचा सर्वांत तेजस्वी सुपरनोव्हा म्हणून तो जाहीर झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने म्हटलं की हा सुपरनोव्हा नाही, हा फाटलेला तारा आहे. पण त्या दीर्घिकेतलं कृष्णविवर दहा कोटी सूर्यांहून जड निघालं, म्हणजे मर्यादेच्या पलीकडचं. मग त्यांना असं धरावं लागलं की ते कृष्णविवर जोराने स्वतःभोवती फिरतं आहे, कारण फिरत्या कृष्णविवराचं क्षितिज आकसतं आणि योग्य दिशेने आलेल्या ताऱ्याला बाहेर फाटायला जागा मिळते. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण तो कोणत्या मुद्द्यावर अडला आहे, हे त्या साध्या घनमुळावरून कळतं.

आता आपल्या ताऱ्याकडे परत येऊ. सीमा ओलांडल्यावर तो लांबत जातो. भिलाईत हे दृश्य समजावून सांगणं सोपं आहे, कारण इथल्या कित्येक घरांतल्या माणसांनी रेल मिलमध्ये लालबुंद ब्लूम रोलमधून जाताना पाहिला आहे. जाड, आखूड ठोकळा दर फेरीला बारीक आणि लांब होत जातो आणि शेवटी १३० मीटरचा रूळ समोर पसरतो. ताऱ्याचंही असंच होतं. दोन बाजूंनी दाबला जातो, तिसऱ्या बाजूने लांबतो. पण तुलना इथेच थांबवली पाहिजे, कारण पुढचा फरक हाच आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. रोलमधून निघणारा रूळ आधीपासून तापलेला असतो आणि तो लांबत असतानाच झगझगतो. ताऱ्याचा वायू लांबतो तेव्हा पसरतो आणि पसरला की थंड होतो. तारा फाटण्याचा जो क्षण आपण चित्रांत इतका झळाळता रंगवतो, त्या क्षणी बाहेर जवळजवळ काहीच उजेड पडत नाही. खरा उजेड नंतर येतो आणि तो वेगळ्याच कारणाने येतो.

कारण असं. फाटताना ताऱ्याचा कृष्णविवराकडचा भाग खोल खड्ड्यात होता आणि पलीकडचा भाग त्यामानाने वर. त्यामुळे साधारण निम्मा वायू कृष्णविवराशी बांधला जातो आणि उरलेला निम्मा सेकंदाला हजारो किलोमीटरच्या वेगाने कायमचा निघून जातो. बांधलेला निम्मा भाग लांबट कक्षांतून दूर जातो आणि माघारी येतो. सर्वांत घट्ट बांधलेला वायू सर्वांत आधी परततो. सूर्यासारखा तारा आणि दहा लाख सूर्यांचं कृष्णविवर असेल तर पहिली खेप सुमारे ४१ दिवसांनी येते. त्यानंतर परतणाऱ्या वायूचा ओघ ठरावीक रीतीने आटत जातो. फाटल्यापासूनचा काळ आठपट झाला की ओघ बत्तिसावा हिस्सा उरतो. मार्टिन रीस यांनी १९८८ मध्ये हे चित्र मांडलं, तेव्हा अशी एकही घटना खात्रीने पाहिलेली नव्हती.

तरीही नुसता परतलेला वायू चमकणार नाही. त्याला कुठेतरी आपटावं लागेल. न्यूटनच्या नियमाने चाललं तर तो त्याच वाटेने पुन्हा जाईल. पण इतक्या तीव्र गुरुत्वात कक्षा स्वतःच वळत जाते. बुधाची कक्षा याच कारणाने शंभर वर्षांत फक्त ४३ विकला वळते. आपल्या ताऱ्याच्या वायूची कक्षा एकाच फेरीत जवळपास ११ अंश वळते. त्यामुळे वळसा घालून बाहेर निघालेला प्रवाह, मागून आत येणाऱ्या आपल्याच शेपटीला छेदतो. तिथे धडक होते, वायू तापतो, कक्षा आखूड होतात आणि हळूहळू कृष्णविवराभोवती तबकडी जमते. उजेड नेमका किती धडकेचा आणि किती तबकडीचा, यावर आमच्या क्षेत्रात अजून खरं भांडण आहे. क्यूआयझेड मोलाचा ठरला तो याच भांडणात.

तो सापडला तेव्हा अजून उजळत होता. यातली बहुतेक प्रकरणं कळसाला पोचल्यावर हाती लागतात, तोवर सुरुवातीचा पुरावा गेलेला असतो. मॅट निकोल यांच्या गटाने चिलीतल्या दुर्बिणी आणि स्विफ्ट उपग्रह लगेच तिकडे वळवले. आधी हा सुपरनोव्हा नाही ना, हे पाहायचं होतं. त्याची खूण सोपी आहे. सुपरनोव्हा पसरत थंड होतो आणि काही आठवड्यांत निळ्याचा लालसर होतो. क्यूआयझेड महिनोन्‌महिने निळाच राहिला. त्याच्या पृष्ठाचं तापमान हजारो केल्विनमध्ये, सूर्याच्या पृष्ठाहून कितीतरी जास्त टिकून होतं. शिवाय तो दीर्घिकेच्या बरोबर केंद्रात होता आणि वर्णपटात हायड्रोजन आणि हेलियमच्या रेषा होत्या. त्या इतक्या रुंद होत्या, की वायूचा वेग सेकंदाला हजारो किलोमीटर असल्याशिवाय तशा दिसणार नाहीत.

या रेषांमध्ये एक बारकावा होता आणि तो मला सर्वांत जास्त भावतो. सुरुवातीच्या आठवड्यांत रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या होत्या. याचा अर्थ वायू आपल्या दिशेने येत होता, ३ हजार ते १० हजार किलोमीटर दर सेकंद या वेगाने. कृष्णविवराजवळ सगळं आत पडतं असं आपण धरून चालतो, आणि इथे पहिली बातमी बाहेर उसळणाऱ्या वायूची होती. चकाकणारं पृष्ठही सेकंदाला दोन हजार किलोमीटरहून जास्त वेगाने फुगत होतं. कळसापर्यंत पोचायला त्याला सुमारे २९ दिवस लागले. गुणाकार करून पाहा: २९ दिवस म्हणजे पंचवीस लाख सेकंद, गुणिले दोन हजार. उत्तर ५०० कोटी किलोमीटर. नेपच्यूनची कक्षा याच्या आतच मावते. तारा फाटला सात कोटींवर आणि आपल्याला दिसणारा पृष्ठभाग त्याच्या सत्तरपट लांब. म्हणजे २०१९ च्या त्या ऑक्टोबरात ज्याच्याकडे सगळ्यांनी दुर्बिणी रोखल्या होत्या, तो प्रवाहही नव्हता आणि तबकडीही नव्हती. ताऱ्याच्याच वायूचा एक जाड पडदा आतल्या उजेडावर पसरला होता, आणि दिसत होता तो पडदा.

कळसानंतर चित्र पालटलं. पृष्ठ आधी थंड झालं, मग आकसू लागलं. रेषांचा निळा कल गेला. नायट्रोजनच्या काही विशिष्ट रेषा उमटल्या. आत कुठेतरी प्रखर अतिनील प्रकाश असल्याखेरीज त्या पेटत नाहीत. याच सुमाराला क्ष-किरणही कळसाला गेले. क्ष-किरण कृष्णविवराच्या अगदी निकट, तबकडीच्या आतल्या काठाशी निर्माण होतात. ते इतक्या लवकर दिसले, म्हणजे तबकडी जमायला सुरुवात लवकर झाली असावी आणि पडद्याला बाहेर ढकलणारी ताकदही तिचीच असावी, असा कौल निकोल यांच्या गटाने दिला. एका प्रकरणावरून भांडण मिटत नाही. पण पडदा तयार होताना प्रत्यक्ष पाहिला गेला, हे आता कुणी नाकारत नाही.

काही वेळा पडदा फोडून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळचा झोतही बाहेर पडतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये तशी एक घटना दिसली आणि तिचा झोत नेमका आपल्या दिशेने होता, म्हणून ती साडेआठशे कोटी वर्षांचा प्रवास करून आलेली असूनही दिसली. लडाखमधल्या हान्ले इथल्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीतून आयआयटी मुंबईच्या वरुण भालेराव यांच्या गटाने तिचा माग काढला आणि नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटीने तिचे रेडिओ तरंग पकडले. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. फाटणाऱ्या ताऱ्यांपैकी फार थोड्यांच्या नशिबी असा झोत असतो. क्यूआयझेडला तो नव्हता.

क्यूआयझेडची गोष्ट इथे संपायला हवी होती. ओघ आटला, उजेड विझला, २०२० मध्ये शोधनिबंध छापून आले. पण तबकडी तिथेच होती. डिसेंबर २०२३ मध्ये चंद्रा उपग्रहाने त्या जागेचे काही तास क्ष-किरण टिपले, पुन्हा काही तासांनी टिपले, मग पुन्हा. पहिल्या आणि शेवटच्या नोंदीत जेमतेम काही होतं. मधल्या नोंदीत ठसठशीत उसळी होती. चार वर्षांपूर्वी फाटलेल्या ताऱ्याच्या जागी नवी उसळी येण्याचं कारण नव्हतं. मग इतर उपग्रहांनी ती जागा सतत पाहिली आणि दिसलं की उसळी साधारण दर ४८ तासांनी येते आणि आठ-दहा तास टिकते. यात आपला अॅस्ट्रोसॅटही होता. त्याची मृदू क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेली आहे. अॅस्ट्रोसॅट २०१५ मध्ये पाच वर्षांच्या अपेक्षेने उडाला होता. हे काम त्याने २०२४ मध्ये केलं.

ठरावीक वेळाने येणाऱ्या अशा उसळ्या काही दीर्घिकांच्या केंद्रांत २०१९ पासून माहीत होत्या, पण त्यांचं कारण हाती लागत नव्हतं. क्यूआयझेडमध्ये प्रथमच आधीचा इतिहास ठाऊक होता. इथे तबकडी कधी जन्मली ते माहीत, कशापासून जन्मली तेही माहीत. निकोल यांच्या गटाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेलं उत्तर असं, की त्या कृष्णविवराभोवती आणखी एक गोष्ट आधीपासून फिरत होती, एक तारा किंवा लहान कृष्णविवर. तिची कक्षा तबकडीला आडवी आहे. ती दर फेरीला तबकडी भेदून जाते आणि प्रत्येक वेळी तापलेल्या वायूचा लोट उडतो.

मग हे चार वर्षं का झालं नाही? पुन्हा अंतरं काढा. ४८ तासांत एक फेरी घालणारी वस्तू दहा लाख सूर्यांच्या कृष्णविवरापासून सुमारे ४७ कोटी किलोमीटरवर असली पाहिजे. एका फेरीत ती तबकडी दोनदा भेदत असेल, तर फेरी ९६ तासांची आणि अंतर सुमारे ७४ कोटींचं होतं. ताऱ्याच्या वायूची तबकडी सुरुवातीला जमते ती सात कोटींच्या सीमेच्या दुपटीच्या आसपास. म्हणजे ती वस्तू तेव्हा तबकडीच्या पुष्कळ बाहेरून, रिकाम्या जागेतून फिरत होती. तबकडीतल्या घर्षणाने वायूचा काही भाग आत सरकतो आणि त्याची भरपाई म्हणून काही भाग बाहेर पसरतो. असं पसरत पसरत तिचा काठ काही वर्षांत त्या कक्षेला पोचला आणि धडका सुरू झाल्या. हबल दुर्बिणीच्या अतिनील निरीक्षणांतून तबकडीचा विस्तार स्वतंत्रपणे मोजला गेला आणि तो या कक्षेच्या बाहेरपर्यंत गेलेला निघाला. उसळ्यांच्या वेळेवरून काढलेलं अंतर आणि प्रकाशाच्या रंगावरून काढलेला विस्तार, या दोन वेगळ्या मोजण्या एकमेकींशी जुळल्या. हे उत्तर मला पटतं ते यासाठी.

ती वस्तू तारा आहे की कृष्णविवर, हे मात्र ठरायचं आहे. ठरवण्याची वाट उसळ्यांच्या वेळापत्रकातूनच जाते. तारा असेल तर तो दर धडकेत थोडा सोलला जाईल, त्याची गती किंचित कमी होईल, कक्षा आकसेल आणि ४८ तासांचं अंतर वर्षागणिक कमी होत जाईल. लहान कृष्णविवर तबकडीतून जाताना आपल्या आकारापेक्षा गुरुत्वाने वायू ओढतं, त्याला होणारा अडथळा वेगळा असतो आणि त्याचं वेळापत्रक वेगळ्या रीतीने बदलेल. शिवाय एकाआड एक उसळ्यांमधलं अंतर कमीजास्त होतं, कारण कक्षा लांबट असू शकते आणि तबकडीही डुलत असू शकते. हा गोंधळ बाजूला काढून खरा कल शोधायचा तर उसळ्यांची नोंद वर्षानुवर्षं, फार खंड न पडता हवी. तबकडी विरळ होत जाईल तशा उसळ्याही मंद होतील. म्हणून त्या चालू आहेत तोवरच हे मोजून घेतलं पाहिजे.